जाहिरात-अहवालांतील अग्रगामी व पश्चगामी निर्देशक

जाहिरातीवरील खर्च आज होतो; त्या खर्चाने घडलेली विक्री मात्र पुष्कळदा काही आठवड्यांनी हिशेबात उतरते. साबण किंवा बिस्किटे यांच्या बाबतीत हे अंतर अल्प असते. घरगुती उपकरणे, विम्याच्या योजना, शिक्षणक्रमांचे प्रवेश, वाहने यांसारख्या विचारपूर्वक घेतल्या जाणाऱ्या वस्तूंच्या व सेवांच्या बाबतीत ते तीन आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत असू शकते. मधल्या काळात जाहिरातीचा व्यवस्थापक हातावर हात ठेवून बसू शकत नाही. पुढील आठवड्याचा पैसा कोठे घालावा, कोणती मोहीम थांबवावी, कोणती वाढवावी, हे त्याला विक्रीचा निकाल लागण्यापूर्वीच ठरवावे लागते. असा निर्णय कोणत्या आकड्याच्या आधारे घ्यावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. संकल्पनेचे मूळ

अग्रगामी आणि पश्चगामी हे शब्द जाहिरातशास्त्राचे नव्हेत; ते व्यापारचक्राच्या अभ्यासातून आलेले आहेत. १९३७ साली अमेरिकेत मंदी पुन्हा उद्भवली, तेव्हा ती केव्हा संपेल याची पूर्वसूचना देऊ शकतील अशा आकडेमालांचा शोध नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेत सुरू झाला. वेस्ली मिचेल व आर्थर बर्न्स यांनी १९३८ साली अशा विश्वसनीय मालांची यादी प्रसिद्ध केली. पुढे १९५० साली जेफ्री मूर यांनी त्या मालांचे तीन गट पाडले: चक्राच्या आधी वळणाऱ्या, चक्राबरोबर वळणाऱ्या आणि चक्रानंतर वळणाऱ्या. घरबांधणीचे परवाने पहिल्या गटातले. दीर्घकालीन बेकारी तिसऱ्या गटातली.

या वर्गीकरणातील एक गोष्ट जाहिरातीच्या क्षेत्रात फार वेळा विसरली जाते. घरबांधणीचा परवाना ‘आधी येतो’ एवढ्यावरून त्याला अग्रगामी ठरविण्यात आले नव्हते. अनेक चक्रांच्या नोंदी तपासून, तो पुनःपुन्हा आधी वळतो आणि त्याच्या वळणानंतर चक्रही वळते, असे आढळल्यावरच त्याला ते स्थान मिळाले. आधी येणे हा कालक्रम आहे. आधी सांगणे हा गुण आहे. कालक्रम अहवालाकडे पाहूनच कळतो, गुण मात्र सिद्ध करावा लागतो.

२. अहवालातील स्तंभ आणि त्यांचा काळ

जाहिरातीच्या साप्ताहिक अहवालात सामान्यतः पुढील आकडे एकाच ओळीत शेजारी शेजारी मांडलेले असतात: जाहिरात किती वेळा दिसली, तिच्यावर किती क्लिक झाले, चौकशीचे किती अर्ज आले, किती विक्री झाली, दर विक्रीमागे किती खर्च आला आणि खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली. एकाच ओळीत असल्यामुळे हे आकडे एकाच काळाविषयी बोलत आहेत असा समज होतो. वस्तुतः त्यांतील प्रत्येकाचे घड्याळ निराळे आहे. जाहिरात दिसण्याची संख्या त्या दिवसअखेर बहुतांशी पूर्ण झालेली असते. चौकशीची संख्या एकदोन दिवसांत पूर्ण होते. विक्रीची संख्या पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि विक्रीवरून काढलेली दोन्ही गुणोत्तरे त्याहून लवकर पूर्ण होऊ शकत नाहीत.

म्हणजे खर्चाच्या प्रत्येक रुपयामागील विक्री, ज्या आकड्याकडे मालकाचे लक्ष सर्वांत आधी जाते, तो आकडा पूर्णपणे पश्चगामी आहे. तो खोटा नाही. झालेल्या खर्चाचा न्याय करण्यास तोच योग्य आहे. परंतु चालू खर्चाचे नियमन त्यावरून करू गेल्यास एक विशिष्ट फसवणूक होते; ती प्रथम समजून घेणे आवश्यक आहे.

३. अपुऱ्या आठवड्यांचा भ्रम

विवेचनासाठी एक कल्पित परंतु व्यवहारात सहज आढळणारे उदाहरण घेऊ. एक विक्रेता घराच्या गच्चीवर बसविण्याचे सोलर वॉटर हीटर विकतो. ग्राहक जाहिरात पाहून चौकशीचा अर्ज भरतो. विक्रेत्याच्या कार्यालयातून दूरध्वनी जातो. गच्चीच्या पाहणीचा दिवस ठरतो. पाहणीनंतर दरपत्रक दिले जाते. आणि घरात विचारविनिमय होऊन ऑर्डर येते किंवा येत नाही. जाहिरातीवर दर आठवड्यास २,४०,००० रुपये खर्च होतात आणि एका आठवड्यातील चौकशांतून अखेरीस ४० ऑर्डरी मिळतात. म्हणजे दर ऑर्डरीमागे खरा खर्च ६,००० रुपये.

या ४० ऑर्डरी एकदम येत नाहीत. जुन्या नोंदींवरून असे दिसते की त्यांपैकी ५ टक्के चौकशीच्याच आठवड्यात येतात. एका आठवड्यानंतर एकूण १५ टक्के, दोन आठवड्यांनंतर ३५, तीन आठवड्यांनंतर ६०, चार आठवड्यांनंतर ८०, पाच आठवड्यांनंतर ९० आणि आठ आठवड्यांनंतर १०० टक्के पूर्ण होतात. आता समजा की बाजारात काहीही बदललेले नाही आणि प्रत्येक आठवडा दुसऱ्यासारखाच आहे. तरीही आज काढलेल्या अहवालात पुढील चित्र दिसेल.

| चौकशीचा आठवडा | आजवर नोंदलेल्या ऑर्डरी | दर ऑर्डरीमागे दिसणारा खर्च (रुपये) |
|---|---|---|
| आठ आठवड्यांपूर्वीचा | ४० | ६,००० |
| चार आठवड्यांपूर्वीचा | ३२ | ७,५०० |
| तीन आठवड्यांपूर्वीचा | २४ | १०,००० |
| दोन आठवड्यांपूर्वीचा | १४ | १७,१०० |
| एका आठवड्यापूर्वीचा | ६ | ४०,००० |
| चालू आठवडा | २ | १,२०,००० |

हा तक्ता पाहणाऱ्यास जाहिरात झपाट्याने निकामी होत आहे असे वाटेल. वस्तुतः तक्त्यात केवळ काळाचा उतार दिसत आहे. हा दोष अहवालाच्या रचनेतून येतो. गूगल ॲड्सच्या अहवालात विक्रीची नोंद सामान्यतः ती ज्या क्लिकमुळे झाली त्या क्लिकच्या तारखेस केली जाते, विक्रीच्या तारखेस नव्हे. तारखेची ही पद्धत जाहिरातीचा न्याय करण्यास योग्यच आहे. मात्र तिच्यामुळे ताजे आठवडे नेहमीच दरिद्री दिसतात. शिवाय क्लिकनंतर किती दिवसांपर्यंतची विक्री मोजावी याची एक मर्यादा असते. तेथे ती मुळात ३० दिवसांची असून विक्रेत्यास बदलता येते. ती तशीच ठेवली, तर वरील उदाहरणातील चार आठवड्यांनंतर येणाऱ्या ऑर्डरींचा मोठा भाग कधीच मोजला जाणार नाही, आणि जाहिरात कायमची महाग दिसत राहील.

या भ्रमावर एक सरळ उपाय आहे. विमा-व्यवसायात अद्याप न आलेल्या दाव्यांचा अंदाज ज्या रीतीने करतात, त्याच रीतीने अपुऱ्या आठवड्याच्या ऑर्डरींना त्या वयाच्या पूर्णतेच्या प्रमाणाने भागावे. दोन आठवड्यांपूर्वीच्या १४ ऑर्डरींना ०.३५ ने भागले असता ४० हा आकडा मिळतो आणि भीती नाहीशी होते. परंतु हाच उपाय चालू आठवड्यास लावून पाहावा. तेथे २ ऑर्डरींना ०.०५ ने भागावे लागते. योगायोगाने एक ऑर्डर अधिक आली असती, तर उत्तर ४० ऐवजी ६० आले असते. एक कमी आली असती, तर २०. अर्थात ही दुरुस्ती तीनचार आठवडे जुन्या नोंदींसाठी उपयुक्त आहे, आणि जेथे निर्णय घ्यावयाचा त्या ताज्या आठवड्यांसाठी निरुपयोगी आहे. ही पोकळी भरून काढणे हेच अग्रगामी निर्देशकाचे काम होय. विक्रीच्या अपुऱ्या आकड्याऐवजी, लवकर पूर्ण होणारा आणि विक्रीशी बांधलेला असा दुसरा आकडा त्याच्या जागी वापरावयाचा असतो.

४. कोणता आकडा निवडावा

उदाहरणातील विक्रेत्यापुढे चार उमेदवार आहेत: क्लिक, चौकशी, ठरलेली पाहणी आणि दिलेले दरपत्रक. ते याच क्रमाने घडतात. त्यामुळे सर्वांत आधी घडणारा क्लिक हाच उत्तम अग्रगामी निर्देशक, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. हा निष्कर्ष कितपत टिकतो, हे जाहिरातीच्या स्वरूपात बदल झाला म्हणजे कळते.

समजा, विक्रेत्याने खर्च तेवढाच ठेवून त्यातील काही भाग एका नव्या चलच्चित्र-जाहिरातीकडे वळविला. आधीच्या स्थिर काळात आठवड्यास ४,००० क्लिक, २०० चौकशा, ८० ठरलेल्या पाहण्या, ६० दरपत्रके आणि अखेरीस ४० ऑर्डरी असे प्रमाण होते. बदलानंतर क्लिक ६,४०० झाले, चौकशा २६० झाल्या, पाहण्या ७८ ठरल्या, दरपत्रके ५८ गेली. आणि आठ आठवड्यांनी मोजता ऑर्डरी ३९ भरल्या.

पहिल्या आठवड्याअखेर ज्याने केवळ क्लिक पाहिले, त्याने मोहिमेचा विजय जाहीर केला असता. कारण क्लिक ६० टक्क्यांनी वाढले होते. चौकशा पाहणाऱ्यानेही ३० टक्के वाढ नोंदविली असती. प्रत्यक्षात विक्री जेथे होती तेथेच राहिली. शंभर क्लिकमागे ऑर्डरींचे प्रमाण १ वरून ०.६१ वर आले, शंभर चौकशांमागे ते २० वरून १५ वर आले. शंभर पाहण्यांमागे मात्र ते आधीही ५० होते आणि नंतरही ५० च राहिले. याचे कारण उघड आहे. चलच्चित्र पाहून कुतूहलाने क्लिक करणारा आणि अर्जही भरणारा माणूस भाड्याच्या घरात राहणारा असू शकतो; त्याच्या इमारतीच्या गच्चीवर त्याचा हक्क नसेल. परंतु पाहणीसाठी दिवस ठरविताना त्याला गच्चीची मालकी सांगावी लागते, घरी थांबावे लागते, थोडा वेळ खर्च करावा लागतो. ज्या कृतीला ग्राहकाच्या बाजूने काही किंमत मोजावी लागते, ती कृती त्याचा हेतू अधिक खरेपणाने सांगते.

यावरून निवडीची पहिली कसोटी मिळते. निर्देशक आणि विक्री यांमधील प्रमाण, जाहिरातीचे मिश्रण बदलले असताही, स्थिर राहिले पाहिजे. मिश्रण स्थिर असताना हे प्रमाण जवळजवळ सर्वच उमेदवारांचे स्थिर असते. म्हणून शांत काळातील आकड्यांवरून केलेली निवड विश्वासार्ह नसते. जुन्या नोंदींत ज्या ज्या वेळी मोहीम, माध्यम किंवा प्रदेश बदलला, ते आठवडे शोधून काढून त्यांच्या आधीचे व नंतरचे प्रमाण ताडून पाहावे.

या कसोटीवर दरपत्रकही जवळजवळ पाहणीच्या तोडीचे ठरते. मग तेच का घेऊ नये? येथे दुसरी कसोटी पुढे येते. ऑर्डर चौकशीनंतर सरासरीने सुमारे सव्वातीन आठवड्यांनी येते. पाहणीचा दिवस बहुधा चौकशीपासून आठवड्याच्या आत ठरतो. दरपत्रक जाण्यास मात्र दोनएक आठवडे लागतात. आता एखादी मोहीम थांबवून तिच्या जागी दुसरी उभी करण्यास या विक्रेत्यास दोन आठवडे लागतात असे धरू. पाहणीचा आकडा ऑर्डरीच्या सुमारे अडीच ते तीन आठवडे आधी हाती येतो. म्हणजे सुधारणेला वाव उरतो. दरपत्रकाचा आकडा जेमतेम एक आठवडा आधी येतो. तो अधिक खरे सांगतो, परंतु उशिरा सांगतो. म्हणून दुसरी कसोटी अशी: निर्देशकाचा अग्रकाळ निर्णय अमलात येण्यास लागणाऱ्या काळापेक्षा अधिक असला पाहिजे. अग्रकाळ हा निर्देशकाचा निरपेक्ष गुण नाही. संस्थेच्या हालचालीच्या वेगाशी तुलना करूनच तो पुरेसा की अपुरा हे ठरते. दोन दिवसांत मोहीम बदलू शकणाऱ्या विक्रेत्याने दरपत्रकाचीच निवड करणे योग्य ठरेल.

तिसरी कसोटी संख्येच्या आकाराची आहे. आठवड्यास ४० ऑर्डरी येतात, असे म्हटले तरी निव्वळ योगायोगाने त्या कधी ३४ तर कधी ४६ येतील. कारण अशा मोजणीतील स्वाभाविक विचलन संख्येच्या वर्गमूळाइतके, म्हणजे येथे सहाच्या थोडे वर असते. एका आठवड्यातील सहा ऑर्डरींच्या घसरणीचा अर्थ लावत बसणे व्यर्थ होय. ८० पाहण्यांचे तेच विचलन नऊच्या आसपास, म्हणजे प्रमाणात पाहता ऑर्डरींपेक्षा कमी असते. ज्या विक्रेत्याकडे आठवड्यास आठदहाच पाहण्या ठरतात, त्याच्यासाठी मात्र पाहणी हा निर्देशक फारच खडबडीत ठरेल. त्याने एकतर चार आठवड्यांची बेरीज घ्यावी, किंवा एक पायरी मागे जाऊन चौकशांतील गच्चीची मालकी असलेल्यांची संख्या वापरावी.

५. निर्देशकाचे परीक्षण

निवडलेला निर्देशक खरोखर भाकीत करतो की नाही, हे तपासताना विद्यार्थ्यांकडून बहुधा एकच पद्धत अवलंबिली जाते. निर्देशकाची साप्ताहिक माला व विक्रीची साप्ताहिक माला घेऊन, एकीला एक, दोन, तीन आठवड्यांनी सरकवीत सहसंबंधांक काढावयाचा आणि जेथे तो सर्वांत मोठा येईल तेथे अग्रकाळ सापडला असे मानावयाचे. या पद्धतीत दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा प्रवाहाचा व ऋतूचा. उद्नी यूल यांनी १९२६ सालीच दाखवून दिले की काळाबरोबर हळूहळू चढणाऱ्या किंवा उतरणाऱ्या दोन माला, त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतानाही, मोठा सहसंबंध दाखवितात. सोलर वॉटर हीटरची मागणी थंडीच्या तोंडावर वाढते, आणि विक्रेता जाहिरातीचा खर्चही त्याच सुमारास वाढवितो. त्यामुळे क्लिक व विक्री एकत्र चढतात व एकत्र उतरतात, आणि सहसंबंध भरघोस दिसतो. तो ऋतूचा सहसंबंध आहे. प्रत्येक मालेतून तिचा स्वतःचा पूर्वक्रम व ऋतुमान वजा करून उरलेल्या चढउतारांचा संबंध पाहिला म्हणजे यातील पुष्कळसा फुगवटा ओसरतो.

दुसरा खड्डा अतिशोधाचा. अहवालात दहा स्तंभ असतील आणि प्रत्येकाचा शून्य ते आठ आठवड्यांचा अग्रकाळ तपासला, तर नव्वद तुलना होतात. पाच टक्के सार्थकतेच्या पातळीवर त्यांपैकी चारपाच तुलना काहीही संबंध नसताना ‘सार्थ’ ठरतील. अशा रीतीने सापडलेला निर्देशक पुढच्या तिमाहीत नाहीसा होतो. यास्तव ग्राहकाच्या निर्णयक्रमावरून आधी दोन किंवा तीन उमेदवार ठरवावेत, त्यांचा अपेक्षित अग्रकाळ लिहून ठेवावा, आणि मगच आकड्यांकडे वळावे.

खरे परीक्षण सहसंबंधाने होत नाही, भाकिताने होते. समजा विक्रेत्याकडे १०४ आठवड्यांच्या नोंदी आहेत. पहिल्या ७८ आठवड्यांवरून प्रमाणे ठरवावीत आणि शेवटच्या २६ आठवड्यांसाठी, प्रत्येक वेळी त्या क्षणी जेवढे माहीत असेल तेवढ्यावरूनच, भाकीत करून चूक मोजावी. तुलनेस एक साधे भाकीत अवश्य ठेवावे: ज्यांच्या ऑर्डरी पूर्ण झाल्या आहेत अशा शेवटच्या चार आठवड्यांची सरासरी, ऋतुमानाने दुरुस्त केलेली. आपल्या उदाहरणात या साध्या भाकिताची सरासरी चूक ६.५ ऑर्डरी, क्लिकवरून केलेल्या भाकिताची ६.६, चौकशीवरून ५.५, पाहणीवरून ३.८ आणि दरपत्रकावरून ३.० अशी समजू. येथे क्लिकने साध्या सरासरीपेक्षा काहीच अधिक सांगितले नाही. ३.८ ही चूकही फारशी कमी होण्यासारखी नाही. कारण ८० पाहण्यांपैकी निम्म्यांतून ऑर्डर मिळते असे धरले, तर निव्वळ योगायोगानेच सरासरी साडेतीनच्या वर चूक पडते. निर्देशक आपल्या परमावधीच्या जवळ आहे, अधिक शोध करण्यात हशील नाही, असे यावरून समजते.

साध्या भाकिताशी तुलना करण्याचा आग्रह अनाठायी नाही, हे इंटरनेटवरील शोधांच्या अभ्यासाने दाखविले आहे. शरद गोयल व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, चित्रपटांची पहिल्या सप्ताहान्ताची कमाई, संगणकीय खेळांची पहिल्या महिन्याची विक्री आणि गाण्यांचा लोकप्रियतेतील क्रम यांचे भाकीत लोकांनी केलेल्या शोधांच्या संख्येवरून करून पाहिले. प्रदर्शनाच्या काही आठवडे आधीही शोधांची संख्या निकाल सूचित करीत होती. परंतु चित्रपटाचा निर्मितिखर्च, तो किती पडद्यांवर लागणार, यांसारखी सहज उपलब्ध माहिती हिशेबात घेतल्यावर शोधसंख्येने घातलेली भर पुष्कळदा अल्पच निघाली. निर्देशक भाकीत करतो हे पुरेसे नाही. आधीच माहीत असलेल्या गोष्टींत तो काय भर घालतो हे पाहिले पाहिजे.

६. निर्देशक बिघडतो केव्हा

सिद्ध झालेला निर्देशक कायमचा सिद्ध राहत नाही. त्याच्या बिघाडाची दोन कारणे विशेष आढळतात.

पहिले कारण असे की निर्देशक हाच उद्दिष्ट बनतो. विक्रेत्याने पाहण्यांची संख्या भरवशाची आहे असे पाहून दूरध्वनी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना ठरलेल्या प्रत्येक पाहणीमागे बक्षीस लावले, तर पुढच्या महिन्यात पाहण्या वाढतील. परंतु त्यांत ‘येऊन तर पाहा’ एवढ्यावर होकार दिलेल्या ग्राहकांची भर असेल. जाहिरात-व्यवस्थेतील यांत्रिक बोलीच्या बाबतीतही हेच घडते. तिला ‘अर्ज भरणारे लोक शोध’ असे सांगितले की ती अर्ज भरण्याची सवय असलेले लोक शोधून देते. वस्तू विकत घेणारे लोक शोधण्याची जबाबदारी तिच्यावर टाकलेलीच नसते. चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेले तत्त्व हेच की, ज्या सांख्यिकीय नियमितपणावर नियंत्रणाचा भार टाकला जातो तो ढासळू लागतो. हा बिघाड ओळखण्याची खूण म्हणजे परिपक्व आठवड्यांतील पाहणी-ऑर्डर प्रमाणाचा उतार आणि रद्द होणाऱ्या पाहण्यांची वाढ. म्हणून पश्चगामी आकडा टाकून द्यावयाचा नसतो. अग्रगामी निर्देशकाचा लेखापरीक्षक या नात्याने तो अहवालात राहिलाच पाहिजे.

दुसरे कारण म्हणजे मोजमापाचे साधन किंवा लोकांची वागणूक बदलणे. याचे सर्वश्रुत उदाहरण जाहिरातीबाहेरचे आहे. गूगल या कंपनीने २००८ साली लोकांच्या शोधांवरून अमेरिकेतील फ्ल्यूच्या प्रसाराचा अंदाज देणारी सेवा सुरू केली. सरकारी आकडे येण्यास एकदोन आठवडे लागत. ही सेवा ते अंतर भरून काढणार होती. डेव्हिड लेझर व सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखविले की ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवड्यांत तिचा अंदाज प्रमाणाबाहेर अधिक होता, आणि काही आठवडे जुन्या सरकारी आकड्यांवरून केलेले साधे भाकीतही तिच्यापेक्षा बरे ठरले असते. कंपनीने शोधयंत्रात वेळोवेळी केलेले बदल आणि वृत्तपत्रांतील बातम्यांनी चाळवलेले कुतूहल यांमुळे शोध व रोग यांमधील प्रमाण सरकत गेले होते. २०१५ साली ती सेवा बंद झाली. जाहिरात-अहवालात एखाद्या नाममुद्रेच्या शोधांची संख्या निर्देशक म्हणून घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. गूगल ट्रेंड्समध्ये दिसणारा आकडा मूळ संख्या नसतो. निवडलेल्या काळातील सर्वोच्च बिंदूस १०० मानून, शोधांच्या एका नमुन्यावरून काढलेला तो सापेक्ष अंक असतो. काळाची मर्यादा बदलली की त्याच आठवड्याचा अंक बदलतो.

७. भाकीत आणि कारण

येथवर निर्देशक विक्रीचे भाकीत करतो की नाही एवढाच प्रश्न घेतला. जाहिरातीने ती विक्री घडविली की नाही, हा प्रश्न निराळा आहे आणि अग्रगामी निर्देशक त्याचे उत्तर देऊ शकत नाही. आभाळ भरून आले की पाऊस येईल असे भाकीत करता येते. छत्र्या उघडलेल्या दिसल्या तरी तेच भाकीत करता येते. परंतु छत्र्या वाटून पाऊस पाडता येत नाही.

नाममुद्रेचे नाव लिहून शोध करणारा ग्राहक विकत घेण्याच्या बेतातच असतो. म्हणून अशा शोधावर दाखविलेल्या जाहिरातीवरील क्लिक विक्रीचे उत्तम भाकीत करतात. परंतु थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को व स्टीव्हन टेडेलिस यांनी ईबे या कंपनीत केलेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कंपनीच्या नावावरील अशा जाहिराती काही शोधयंत्रांवर बंद केल्या असता, तेथून येणारे जवळजवळ सर्व ग्राहक शेजारच्या विनामूल्य दुव्यावरून आलेच. निर्देशक अचूक होता; त्यावर होणारा खर्च मात्र व्यर्थ होता. जो अहवाल केवळ भाकितक्षमतेवरून खर्च वाटतो, तो नेमका अशा ठिकाणी पैसा ओतत राहतो.

म्हणून निवडलेल्या निर्देशकाची अखेरची परीक्षा प्रयोगाने करावी लागते. सोलर वॉटर हीटरच्या विक्रेत्याने आपल्या कार्यक्षेत्रातील काही तालुके चिठ्ठ्या टाकून निवडावेत, तेथील जाहिरात सहाएक आठवडे थांबवावी आणि ठरलेल्या पाहण्यांची संख्या इतर तालुक्यांच्या तुलनेत किती घटते ते पाहावे. त्यानंतर आठ आठवडे वाट पाहून ऑर्डरी किती घटल्या तेही मोजावे. दोन्ही घटी सारख्याच प्रमाणात असतील, तर पाहणी हा निर्देशक जाहिरातीच्या परिणामाचाही प्रतिनिधी आहे असे मानण्यास आधार मिळतो. पाहण्या घटल्या आणि ऑर्डरी घटल्या नाहीत, तर जाहिरात केवळ डळमळीत ग्राहकांना पाहणीपर्यंत आणीत होती असे समजावे. अशा प्रयोगास मर्यादा आहेत. रँडल लुईस व जस्टिन राव यांनी २०१५ साली पंचवीस मोठ्या प्रयोगांच्या आधारे दाखविले की जाहिरातीचा परिणाम ग्राहकांच्या खरेदीतील स्वाभाविक चढउतारांच्या मानाने इतका लहान असतो की लक्षावधी लोकांवरील प्रयोगांतूनही नफ्यातोट्याचा निवाडा अनेकदा करता येत नाही. लहान विक्रेत्यास प्रयोगातून अचूक अंक मिळणार नाही. ‘परिणाम मुळीच नाही’ आणि ‘परिणाम ठळक आहे’ यांमधील भेद फार तर कळेल. बहुतेक निर्णयांना तो पुरतो.

या विवेचनावरून अहवालाची मांडणी कशी असावी हेही ठरते. ताज्या चार आठवड्यांसाठी खर्च व ठरलेल्या पाहण्या एवढेच आकडे द्यावेत, आणि पाहण्यांवरून अपेक्षित ऑर्डरी त्यांच्या संभाव्य चुकीसह, उदाहरणार्थ ‘३९, चारएक कमीअधिक’, अशा लिहाव्यात. त्याआधीच्या चार आठवड्यांसाठी पूर्णतेच्या प्रमाणाने दुरुस्त केलेल्या ऑर्डरी द्याव्यात. आठ आठवड्यांहून जुन्या नोंदींसाठीच दर ऑर्डरीमागील खर्च छापावा, आणि त्याच्या शेजारी त्या आठवड्याबद्दल पूर्वी केलेले भाकीतही ठेवावे. शेवटच्या या दोन स्तंभांतील अंतर वाढू लागले, की निर्देशक बदलण्याची वेळ आली असे समजावे.